स्मरणपत्रावर व्याज कोणत्या ओळीत लिहावे?

वाचकाचे पत्र

मकरपुरा जीआयडीसीत आमचे लेथ आणि ड्रिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. 10 जुलैला एका मोठ्या ट्रान्सफॉर्मर कंपनीला 400 फ्लँज दिले. बिल जीएसटीसह 5,90,000 रुपयांचे. त्यांच्या ऑर्डरमध्ये ‘जीआरएनपासून 90 दिवस’ असे लिहिले आहे आणि त्यांचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, 22 जुलैची आहे. जुलैत त्यांच्या इन्स्पेक्टरने फोनवर कुरकुर केली होती, 4 ऑगस्टला 6 नगांची भोके चुकली असा मेल आला. आम्ही ते 6 नग 12 ऑगस्टला बदलून दिले. डिसेंबर संपत आला, पैसे नाहीत. व्हॉट्सॲपवर किती तरी वेळा आठवण दिली. आमचे मुनीम म्हणतात की बिलावर ‘24 टक्के व्याज’ छापले आहे, त्याप्रमाणे व्याजाचे वेगळे बिल पाठवा. यजमानांना भीती वाटते की व्याज मागितले तर पुढची ऑर्डर जाईल. आमची उद्यम नोंदणी 2021 पासूनची, सूक्ष्म गटातील आहे. व्याज मागता येते का, आणि कसे लिहायचे?

— एक वाचक, बडोदे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या बिल-पासिंग विभागात मी 21 वर्षे काढली, म्हणजे तुमच्यासारख्यांची स्मरणपत्रे ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलाच्या पलीकडे बसलो होतो. त्यामुळे कायद्याइतकेच त्या टेबलावर काय घडते हेही सांगतो, कारण व्याजाचा हक्क तुम्हाला आहेच. तो बहुतेक वेळा फुकट जातो तो चुकीच्या तारखेमुळे आणि चुकीच्या ओळीत लिहिल्यामुळे.

व्याजाचे वेगळे बिल पाठवू नका आणि 24 टक्केही मागू नका. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 याच्या कलम 16 प्रमाणे उशीर करणाऱ्या खरेदीदाराने रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यायचे असते, आणि हे करारात काहीही लिहिलेले असले तरी लागू होते. ‘काहीही’ या शब्दात तुमच्या बिलावर छापलेले 24 टक्केही येतात. आपणच एकतर्फी छापलेल्या दराच्या मागे लागलात, तर समोरचा हिशेबनीस ‘असा करार नाही’ एवढे एक वाक्य लिहून फाईल बंद करील. कायद्याने ठरवलेल्या दराबाबत त्याला ते लिहिता येत नाही. हे संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. तुम्ही सूक्ष्म गटात आहात आणि तुमची नोंदणी माल देण्याच्या बऱ्याच आधीची आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. पुरवठा झाल्यानंतर घाईने नोंदणी करणाऱ्यांचे दावे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन अडलेले आहेत.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, म्हणजे घड्याळ कधी सुरू झाले. ऑर्डरवर 90 दिवस लिहिलेले पाहून तुम्ही हात टेकले असतील, पण कलम 15 सांगते की लेखी ठरलेली मुदतसुद्धा माल स्वीकारल्याच्या दिवसापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काहीच ठरलेले नसेल तर ती मुदत 15 दिवसांचीच असते. तुमच्या बाबतीत 90 चे 45 झाले, एवढे लक्षात ठेवा. शिवाय त्यांच्याच 90 दिवसांनी मोजले तरी 22 जुलैपासूनची मुदत 20 ऑक्टोबरला संपली आहे, म्हणजे आज त्यांच्याच शब्दांतसुद्धा ते थकबाकीदार आहेत.

हे 45 दिवस कशापासून मोजायचे? जीआरएनपासून नव्हे. कायद्यात स्वीकृतीचा दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोहोचल्याचा दिवस. जीआरएन ही खरेदीदाराची अंतर्गत नोंद आहे. माल गेटमधून आत आल्यावर तपासणी कधी होते, स्टोअरचा माणूस रजेवर आहे का, सिस्टिममध्ये एन्ट्री कधी पडते, यावर ती तारीख ठरते. आमच्याकडे माल 2 तारखेला आत यायचा आणि महिनाअखेरीचा ताण टाळायला म्हणून जीआरएन पुढच्या महिन्यात पडायचा. त्यात कोणाचा दुष्टपणा नसे, पण पुरवठादाराचे चार आठवडे जात. म्हणून तुमच्या चलनाच्या दुसऱ्या प्रतीवरचा गेटचा शिक्का शोधून काढा. त्यावर 10 जुलै ही तारीख आणि गेट एन्ट्रीचा क्रमांक असेल. तो नसेल तर ई-वे बिल आणि टेंपोवाल्याची पावती जोडा. पुढच्या प्रत्येक खेपेला शिक्का घेतल्याशिवाय टेंपो परत येऊ द्यायचा नाही, हे ड्रायव्हरला बजावून ठेवा.

सहा नगांचे काय? मालाबद्दल खरेदीदाराने माल पोहोचल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर स्वीकृतीचा दिवस ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापर्यंत पुढे सरकतो. लेखी हरकत 15 दिवसांत नसेल, तर माल पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा मानला जातो. तुमचे 15 दिवस 25 जुलैला संपले. इन्स्पेक्टरचा जुलैतला फोन त्या मुदतीतला असेलही, पण तो लेखी नाही; 4 ऑगस्टचा मेल लेखी आहे, पण उशिराचा आहे. तेव्हा 10 जुलै हीच तारीख टिकते. ते तुम्हाला 12 ऑगस्टपासून, म्हणजे नग बदलून दिल्याच्या दिवसापासून मोजा असे सांगतील, आणि तसे केले तर मुदत 26 सप्टेंबरला जाऊन जवळपास महिन्याभराचे व्याज निघून जाईल. तुम्ही 6 नग बदलून दिलेत हा व्यवहारातला चांगुलपणा झाला. त्यातून 400 नगांची तारीख बदलत नाही. त्या सहा नगांची जीएसटीसह किंमत 8,850 रुपये होते आणि त्यावरचे एका महिन्याचे व्याज सुमारे 127 रुपये. वाद वाढू लागला तर हे 127 रुपये सोडून द्या, पण 10 जुलै ही तारीख सोडू नका.

तेव्हा 10 जुलैपासून 45 दिवस म्हणजे 24 ऑगस्ट 2025 ही शेवटची तारीख, आणि व्याज 25 ऑगस्टपासून सुरू.

दराबाबत एक चूक नेहमी दिसते. लोक रेपो दराची तिप्पट करतात, किंवा त्यांच्या बँकेने कॅश क्रेडिटवर लावलेल्या दराची. इथे लागतो तो रिझर्व्ह बँकेचा ‘बँक रेट’. तो रेपोपेक्षा वेगळा असतो, सध्या पाव टक्का जास्त आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर चालू दरांमध्ये स्वतंत्र ओळीत दिलेला असतो. तुमच्या काळात तो एकदाच बदलला: 6 जून 2025 पासून 5.75 टक्के होता आणि 5 डिसेंबर 2025 पासून 5.50 टक्के झाला. म्हणजे तुमच्या व्याजाचा दर 4 डिसेंबरपर्यंत वर्षाला 17.25 टक्के आणि त्यानंतर 16.50 टक्के. मुदत संपली त्या दिवशीचाच दर शेवटपर्यंत धरावा असे म्हणणारेही आहेत, आणि तसे केले तर तुम्हाला थोडे जास्त मिळतील. परंतु ज्या काळात जो दर होता त्या काळाला तोच लावलेला तक्ता समोरच्याला खोडता येत नाही, म्हणून मी तोच सुचवतो. दर वाढते असतील तेव्हाही हीच पद्धत ठेवा, म्हणजे सोयीप्रमाणे नियम बदलल्याचा आरोप येणार नाही.

‘दरमहा चक्रवाढ’ म्हणजे महिना पूर्ण झाला की त्या महिन्याचे व्याज मुद्दलात मिळवायचे आणि पुढच्या महिन्याचे व्याज त्या वाढलेल्या रकमेवर काढायचे. महिना कॅलेंडरप्रमाणे धरावा की मुदत संपल्याच्या तारखेपासून, हे कायद्यात सांगितलेले नाही. दुसरी रीत सोपी आहे, कारण तुमचे महिने 25 तारखेपासून 24 तारखेपर्यंत नेमके बसतात. कोणतीही रीत घ्या, पण ती तक्त्याखाली लिहा. तुमचा हिशेब असा होतो:

25 ऑगस्ट ते 24 सप्टेंबर: 5,90,000 वर 1.4375 टक्के, व्याज 8,481.25
25 सप्टेंबर ते 24 ऑक्टोबर: 5,98,481.25 वर 1.4375 टक्के, व्याज 8,603.17
25 ऑक्टोबर ते 24 नोव्हेंबर: 6,07,084.42 वर 1.4375 टक्के, व्याज 8,726.84
25 नोव्हेंबर ते 24 डिसेंबर: 6,15,811.26 वर, पहिले 10 दिवस जुना दर आणि पुढचे 20 दिवस नवा दर, मिळून 1.3958 टक्के, व्याज 8,595.70

चार महिन्यांचे व्याज 34,406.96 रुपये. चौथ्या महिन्यात 30 दिवसांपैकी 10 दिवसांना 1.4375 टक्क्यांचा एक तृतीयांश आणि 20 दिवसांना 1.375 टक्क्यांचा दोन तृतीयांश, अशी ती बेरीज आहे. मधल्या काळात त्यांनी काही रक्कम दिली असती, तर ती ज्या तारखेला बँकेत जमा झाली त्या तारखेला तो महिना तोडून शिल्लक कमी दाखवावी लागली असती. अर्धवट पेमेंट आल्यावर तक्ता पुन्हा सुरुवातीपासून नवीन रकमेने करण्याची चूक अनेकजण करतात आणि आधीचे व्याज स्वतःच पुसून टाकतात.

आता ‘कोणत्या ओळीत’ हा प्रश्न. आमच्या टेबलावर पत्र आले की कारकून पहिल्यांदा एकच गोष्ट करीत असे: पत्रातील आकडा खतावणीतील शिल्लक रकमेशी जुळवून पाहणे. तुम्ही ‘एकूण येणे 6,24,406.96’ असे लिहिलेत, तर त्याच्या पडद्यावर 5,90,000 दिसतील, आकडा जुळणार नाही, आणि पत्रावर ‘रिकन्सिलिएशन बाकी’ असा शेरा पडून ते एका जाड फाईलमध्ये जाईल. त्याला खोटेही म्हणता येत नाही, कारण आकडा खरोखरच जुळत नसतो. मी स्वतः असे शेरे मारले आहेत, आणि आज त्याचे वाईट वाटते. म्हणून मुद्दल नेहमी पहिल्या ओळीत, बिलावरच्या पैशापर्यंतच्या आकड्यासह, बिल क्रमांक, ऑर्डर क्रमांक, चलन आणि त्यांचा जीआरएन क्रमांक यांच्यासह एकट्याने उभे असावे. व्याज दुसऱ्या ओळीत, ‘24 डिसेंबरपर्यंत’ अशी तारीख घालून, तक्ता सोबत जोडून. बेरीज करायची असली तर ती तिसऱ्या ओळीत, खाली. अशाने कारकुनाला पहिली ओळ मंजूर करायला दुसरी ओळ सोडवावी लागत नाही, आणि दुसरी ओळ मात्र पत्रावर राहते.

पत्र इंग्रजीत जाईल हे गृहीत धरून मी मजकूर मराठीत देतो; तुम्ही किंवा तुमचे सीए तो उतरवून घ्या.

> विषय: बिल क्र. ____, दि. 10 जुलै 2025, थकीत रक्कम
>
> आपल्या ऑर्डर क्र. ____ प्रमाणे 400 फ्लँज चलन क्र. ____ ने 10 जुलै 2025 रोजी आपल्या गेटवर पोहोचले (गेट एन्ट्री क्र. ____, आपला जीआरएन क्र. ____). आम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेलो असून आमचा उद्यम क्रमांक ____ आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 च्या कलम 15 प्रमाणे देय तारीख 24 ऑगस्ट 2025 होती.
>
> 1. बिलाची मूळ थकीत रक्कम: 5,90,000.00 रुपये
> 2. कलम 16 प्रमाणे 25 ऑगस्ट ते 24 डिसेंबर 2025 या काळाचे वैधानिक व्याज, सोबतच्या तक्त्याप्रमाणे: 34,406.96 रुपये
> 3. 24 डिसेंबर 2025 रोजी एकूण: 6,24,406.96 रुपये
>
> 25 डिसेंबरपासून पुढील व्याज चालू आहे. मूळ रक्कम आपल्या नोंदींशी जुळते का हे कृपया 7 दिवसांत लेखी कळवावे आणि ती तातडीने आमच्या खात्यात जमा करावी. मूळ रक्कम स्वीकारताना व्याजावरील आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

शेवटच्या दोन वाक्यांकडे लक्ष द्या. ‘मूळ रक्कम जुळते का ते कळवा’ ही विनंती साधी दिसते, पण त्यांनी ‘हो, 5,90,000 देणे आहे’ असे सही असलेल्या उत्तरात मान्य केले की वसुलीची तीन वर्षांची कायदेशीर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती मुदत एक दिवसही वाढत नाही. आणि ‘हक्क राखून ठेवत आहोत’ हे लिहिल्यामुळे, मुद्दल खात्यात आले की विषय संपला असे त्यांना गृहीत धरता येत नाही. पेमेंट देताना ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर सही मागितली जाते. ती वाचल्याशिवाय देऊ नका.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका. व्हॉट्सॲप ज्याच्या हातात असते त्याच्याजवळच संपते, आणि तो माणूस बदलून गेला की तुमची आठवणही त्याच्याबरोबर जाते. बिल-पासिंगच्या प्रमुखाला ईमेल करा, खरेदी विभाग, वित्त विभागाचे प्रमुख आणि कंपनी सेक्रेटरी यांना प्रत पाठवा, आणि स्पीड पोस्टने एक छापील प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर जाऊ द्या. कंपनी सेक्रेटरीचे नाव का घेतले ते सांगतो. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे 45 दिवसांपेक्षा जास्त थकले असतील, तर कंपनीला सहामाही विवरणपत्र भरून ती रक्कम आणि उशिराचे कारण कंपनी व्यवहार मंत्रालयाला सांगावे लागते. एप्रिल ते सप्टेंबरचे विवरण 31 ऑक्टोबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चचे 30 एप्रिलपर्यंत. तुमचे बिल पहिल्याच विवरणात यायला हवे होते. ते आले नसेल, तर बहुधा त्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिममधल्या पुरवठादारांच्या यादीत, तुमच्या नावापुढे ‘सूक्ष्म’ ही खूण नाही. सिस्टिमला तुम्ही सामान्य पुरवठादार वाटता आणि ती निमूटपणे 90 दिवस मोजत बसते. म्हणून स्मरणपत्रासोबतच उद्यम प्रमाणपत्राची प्रत देऊन व्हेंडर मास्टरमध्ये नोंद करून घ्या, केल्याचे उत्तर मागा, आणि इथून पुढे प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. ही एक खूण पडली की पुढच्या अनेक बिलांचा पाठपुरावा सिस्टिमच करू लागते. माझ्या पाहण्यात याहून स्वस्त उपाय नाही.

त्यांच्या वित्त विभागाला हलवणाऱ्या आणखी दोन तारखा तुमच्या बाजूला आहेत, आणि त्या सौम्य भाषेत, एका वेगळ्या परिच्छेदात सांगता येतात. पहिली 6 जानेवारी 2026. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेला इनपुट टॅक्स क्रेडिट खरेदीदाराला व्याजासह परत करावा लागतो. तुमच्या बिलात तो 90,000 रुपये आहे. पैसे दिल्यावर तो पुन्हा घेता येतो, पण व्याज परत मिळत नाही, आणि कर पाहणाऱ्या माणसाला मधला उपद्व्याप नको असतो. तुमचे पत्र 26 डिसेंबरला निघाले तर त्यांच्या हातात दहा-बारा दिवस उरतात. दुसरी तारीख 31 मार्च. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात घातलेल्या कलम 43बी(एच) प्रमाणे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे मुदतीत न दिलेले पैसे वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत, तर त्या वर्षाच्या खर्चात त्यांची वजावट मिळत नाही. ज्या वर्षी देतील त्या वर्षी मिळते. तुम्हाला द्यायच्या व्याजाची वजावट तर त्यांना कधीच मिळत नाही, हे तुमच्या 2006 च्या कायद्याच्या कलम 23 मध्येच आहे. म्हणूनच ते मुद्दल पटकन देतात आणि व्याजावर मात्र चिवटपणे घासाघीस करतात.

तुमच्या मुनीमजींच्या सूचनेकडे येतो. व्याजाचे ते वेगळे बिल, म्हणजे डेबिट नोट, आत्ताच काढू नका. उशिराबद्दल मिळणारे व्याज हे मालाच्या किमतीचाच भाग धरले जाते आणि त्यावर जीएसटी लागतो, पण त्या कराची जबाबदारी व्याज प्रत्यक्ष हातात पडते त्या दिवशी येते. आज डेबिट नोट काढून विवरणात दाखवलीत, तर न मिळालेल्या पैशांवरचा कर तुम्ही स्वतःच्या खिशातून भराल, आणि त्यांच्या बाजूला एक न मान्य केलेली नोंद लटकत राहील. पत्र आणि तक्ता एवढेच आता पुरे. व्याज आले की त्या दिवशी डेबिट नोट काढा. व्याजाच्या रकमेवरचा 18 टक्के जीएसटी वेगळा द्यायचा की त्यातच धरायचा, हे तेव्हा लेखी ठरवून घ्या.

यजमानांची भीती खोटी नाही. मोठ्या खरेदीदाराकडे दुसरा पुरवठादार असतो, तुमच्याकडे दुसरा खरेदीदार असेलच असे नाही. म्हणून व्याज दाखवणे आणि व्याज वसूल करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दाखवायचे प्रत्येक पत्रात, न चुकता, तक्त्यासह. ते सगळे घ्यायचे, अर्धे घ्यायचे की सोडून द्यायचे, हे मुद्दल बँकेत पडल्यानंतर आणि पुढची ऑर्डर हातात आल्यानंतर ठरवा. आधीच ‘व्याज सोडतो, पण मुद्दल द्या’ असे लिहून देणारे मी फार पाहिले; ते पत्र फाईलला लागले की मुद्दलाची घाईही कोणाला उरत नसे. सोडायचेच झाले, तर ‘अमुक तारखेपर्यंत मूळ रक्कम जमा झाल्यास व्याजाबाबत विचार करू’ एवढेच लिहा, आणि तारीख 5 जानेवारी घाला, म्हणजे त्यांच्या 180 दिवसांच्या आतली.

सात दिवसांत उत्तर आले नाही, तर आणखी एक पत्र, तक्त्यात पुढचे दिवस वाढवून. 25 डिसेंबरपासूनचे महिन्याचे व्याज 8,585.60 रुपये, म्हणजे रोजचे सुमारे 277 रुपये होते. हा रोजचा आकडा दुसऱ्या पत्रात जरूर लिहा, कारण ‘दररोज’ हा शब्द वित्त विभागात वाचला जातो. त्यानंतरही शांतता राहिली तर आपल्या राज्याच्या सूक्ष्म आणि लघु उद्योग सुविधा परिषदेकडे कलम 18 खाली ऑनलाइन अर्ज करता येतो. खरेदीदार देशात कुठेही असो, पुरवठादार जिथे आहे तिथली परिषद हा अर्ज घेते, म्हणजे तुम्हाला गुजरातबाहेर जावे लागणार नाही. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाकडे जाते. कायद्याने यासाठी 90 दिवस दिले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. मात्र परिषदेचा निवाडा तुमच्या बाजूने लागला, तर त्याला न्यायालयात आव्हान देण्यापूर्वी खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या 75 टक्के रक्कम जमा करावी लागते. अर्जासोबत गेट शिक्क्याचे चलन, बिल, ऑर्डर, उद्यम प्रमाणपत्र, 4 ऑगस्टचा त्यांचा मेल आणि हा व्याजाचा तक्ता लागेल. तुम्ही पत्रे नीट पाठवली असतील तर ही सगळी कागदपत्रे त्याच फाईलमध्ये क्रमाने लावलेली असतील.

आज संध्याकाळी वर्कशॉप बंद करण्यापूर्वी जुलैची चलनांची फाईल काढा आणि 10 तारखेच्या चलनावर गेटचा शिक्का आहे ना, ते पाहून घ्या. तो नसेल तर मला कळवा. त्या परिस्थितीत पत्राचा पहिला परिच्छेद थोडा वेगळा लिहावा लागेल.